जाहिरातीतला पगार आणि ऑफर लेटरमधला पगार : तुमचे अनुभव सांगा

खेडची मावशी: लोटे एमआयडीसीतली क्यूसी केमिस्टची जाहिरात होती : 'पगार २५,०००, कंपनी रोल'. माझ्या भाच्याला ऑफर लेटर आलंय. बेसिक १२,५००, एचआरए आणि स्पेशल अलाउन्स मिळून ९,३५८, कंपनीचा पीएफ १,५००, ग्रॅच्युइटी ६०१, बोनस १,०४१. बेरीज बरोबर २५,०००. पण लेटरहेड कंत्राटदाराचं आहे. सही अजून केलेली नाही. तुम्हाला असा फरक कुठे सापडला?

रत्नागिरी, एचआर: आधी हातात येणारी रक्कम काढा. बेसिक आणि भत्ते मिळून ग्रॉस २१,८५८. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की उरले २०,१५८. कंपनीचा पीएफ सीटीसीत धरतात, ती रीतच आहे. पण मग जाहिरातीत 'सीटीसी' लिहायला हवं होतं. बोनस दरमहा मिळणार की दिवाळीला, तेही विचारा.

माझ्या मते खरा फरक लेटरहेडचा आहे. 'आमच्या ग्राहकाच्या प्लांटवर नेमणूक' असं वाक्य पत्रात आहे का बघा. असेल तर मालक कंत्राटदार, आणि त्याचं कंत्राट संपलं की पुढे काय, हा प्रश्न उरतो. नियुक्ती कोणाची आणि पीएफ कोणाच्या कोडवर भरणार, एवढं मेलवर विचारा. फोनवरचं उत्तर धरू नका.

चिपळूणचा फिटर: पीएफ आपलाच पैसा, तो कुठे जातोय? आणि कंत्राटातल्या पोरांना वर्षभरात कंपनी घेतेच. सही करून टाका.

रत्नागिरी, एचआर: पीएफचं खरं आहे, पण घरभाडं त्यातून भरता येत नाही. कायम करण्याचं म्हणाल तर आमच्याकडे काहींना घेतलं, काही तसेच राहिले. पत्रात नसेल तर ते धरून चालू नये.

मालवण, रिसॉर्ट: आमच्याकडे वेगळंच. जाहिरात 'फ्रंट ऑफिस, राहणं-जेवण मोफत'. पत्रात जेवणाची कपात, आणि तिसऱ्या पानावर 'पावसाळ्यात रिसॉर्ट बंद असताना बिनपगारी रजा'. जून ते ऑगस्ट काय खायचं? मी कपातीचं कलम दाखवलं, ते त्यांनी काढलं. बिनपगारी रजेचं कलम काढायला मात्र तयार झाले नाहीत. मी ती नोकरी घेतली नाही.

दापोली: लोट्याला शिफ्टसाठी खेडहून बस आहे का? मीपण अर्ज केलाय.

खेडची मावशी: बसचं मला माहीत नाही, पण तुमच्या पत्रात शिफ्ट कोणती लिहिलीय ते बघा. भाच्याला मुलाखतीत 'जनरल शिफ्ट' सांगितली होती, पत्रात 'आवश्यकतेनुसार फिरती पाळी' आहे.

मेल काल पाठवला. उत्तराऐवजी फोन आला : 'वर्षानंतर कंपनी रोलवर घेऊ, काळजी नको.' हेच लिहून द्या म्हटल्यावर 'वरिष्ठांना विचारतो' म्हणाले. तोवर सही थांबवलीय. कंत्राटदाराच्या पत्रात असं कलम घालून मिळालेलं कोणी आहे का? असेल तर नेमकं वाक्य काय होतं, ते इथे लिहा.