मदत हवी आहे: आईचा बायोप्सी रिपोर्ट नीट वाचतेय ना मी?
आईची एन्डोस्कोपी झाली, जठरातले तुकडे तपासायला दिले होते, काल रिपोर्ट आला आणि डॉक्टर भेटणार थेट सोमवारी. वर लिहिलंय करडे-पांढरे तीन तुकडे, मिळून ०.६ सेमी, सगळे तपासले. मायक्रोस्कोपीत 'इंटेस्टायनल मेटाप्लेसिया' वाचून माझे हातपायच गळाले, मी मेटास्टॅसिस समजले! मग कळलं की जठराचं अस्तर काही ठिकाणी आतड्यासारखं झालंय, कॅन्सर पसरणं वेगळं. शेवटी निदान: क्रॉनिक अ‍ॅक्टिव्ह गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराची जुनी सूज, एच. पायलोरी नावाचे जंतू आहेत, डिस्प्लेसिया म्हणजे कॅन्सरकडे झुकणारे पेशींतले बदल नाहीत. पण 'तपासलेल्या तुकड्यांत' असं म्हटलंय, म्हणजे बाकीच्या जठराबद्दल काहीच सांगता येत नाही ना? तुकडे जठराच्या कुठल्या भागातले तेही लिहिलेलं नाहीये, हे डॉक्टरांना विचारू का? कुणाकडे असं निघालं असेल तर जंतूंवरच्या औषधांचा कोर्स झाल्यावर परत स्कोपी सांगितली होती का?