‘समान’ इरादा की ‘समाईक’ इरादा?

मुग्धा: एका जुन्या निकालाचं मराठी करतेय. तिघांनी एका वसुलीवाल्याची बॅग हिसकायची ठरवली. दोघं पुढे गेले, तिसरा कोपऱ्यावर मोटरसायकल चालू ठेवून थांबला. माणूस बॅग सोडेना, तेव्हा एकाने कोयता काढून त्याच्या मनगटावर वार केला. तिसरा म्हणतो, कोयत्याचं मला ठाऊकच नव्हतं. मी ‘कॉमन इन्टेन्शन’ला ‘समान इरादा’ लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी ‘समाईक’ केलं. ‘अबेटमेंट’ला लिहिलेली ‘चिथावणी’ खोडून ‘अपप्रेरणा’ केलं. हा नुसता आवडीचा प्रश्न आहे की अर्थ बदलतो?

नाना: बदलतो. दोन शेतांतल्या दोन विहिरी समान असू शकतात, पण बांधावरची दोघांच्या मालकीची एकच विहीर समाईक. भारतीय दंड संहितेचं कलम ३४ मिळून केलेल्या गुन्ह्यासाठी प्रत्येकाला जबाबदार धरतं, त्याला ही दुसरी लागते. १९४५ च्या महबूब शाह खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे इंग्रजी अमलातल्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, हेच आलं होतं. दोघांनी बंदुका झाडल्या, एकाच्या गोळीने माणूस मेला. दुसऱ्याची खुनाची शिक्षा रद्द झाली, कारण दोघांचे इरादे सारखे असतीलही, पण मिळून ठरवलेला एकच इरादा होता हे दिसत नव्हतं. ‘समान’ लिहिलंत तर हा फरकच पुसला जातो.

प्रदीप: विहिरीवरून आठवलं. आमच्या समाईक विहिरीवर चुलतभावाने न विचारता मोटर बसवली आणि त्याचा मेहुणा मदतीला होता. मेहुण्याला ३४ लागेल का?

नाना: प्रदीपराव, आधी तहसीलला जा.

शिरीष: म्हणजे मुग्धाच्या खटल्यात सोपंच झालं. कोयता ठरला नव्हता, म्हणजे इरादा समाईक नव्हता. तिसरा सुटला.

नाना: अर्धंच बरोबर. जबरी चोरी करताना कोणी दुखापत केली, तर ३९४ मध्ये ती करणारा आणि त्या चोरीत सामील असलेला दुसरा कोणीही, असे दोघे येतात. तिथे ३४ ची गरजही पडत नाही. मोटरसायकलवाला त्यात अडकू शकतो. पण ३९७ ची किमान सात वर्षं त्याला नाहीत. प्राणघातक हत्यार ज्याने वापरलं त्यालाच ते कलम, असं सर्वोच्च न्यायालयाने फूलकुमारच्या खटल्यात १९७५ मध्ये सांगितलं. वसुलीवाला मेला असता तर मात्र खुनासाठी ३४ लावायला लागलं असतं, आणि तिथे शिरीषचा मुद्दा खरा जड झाला असता.

शिरीष: पण पोस्ट ऑफिसच्या त्या खटल्यात बाहेर उभा राहिलेलाही खुनात अडकला होता ना?

नाना: बारेंद्र घोष. १९२३ मध्ये कलकत्त्याच्या शांखारीटोला पोस्टात पैसे मोजत बसलेल्या पोस्टमास्तरावर गोळ्या झाडल्या गेल्या. हा म्हणाला, मी अंगणात भीतीने उभा होतो. प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये अपील फेटाळलं. पण तो पकडला गेला तेव्हा त्याच्याच हातात पिस्तूल होतं. पिस्तुलं घेऊन पैसे मागायला जाणं एक, आणि बॅग हिसकायला जाऊन एकाने खिशातून काहीतरी बाहेर काढणं वेगळं. इरादा जागेवरही जुळू शकतो, पण तो जुळला हे कशावरून, ते दाखवावं लागतं.

हेमा: आम्ही पोलीस ठाण्यात सरसकट ‘संगनमत करून’ लिहितो. तेच लिहा की.

नाना: तुमच्या फिर्यादीत चालतं, निकालात नको. संगनमत ऐकलं की कट वाटतो, आणि कटाचं कलम वेगळं.

मुग्धा: आणि चिथावणी?

नाना: अपप्रेरणेच्या तीन वाटा आहेत. चिथावणी ही त्यातली एकच, दुसरी कटात सामील होणं, तिसरी मदत. मोटरसायकल चालू ठेवणाऱ्याने कोणाला चिथावलं? त्याने मदत केली. आता ठरलं एक आणि घडलं दुसरं, तर कलम १११. त्यातली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. मध्यरात्री घर लुटायला हत्यारं पुरवली आणि प्रतिकार करणाऱ्याला लुटारूंनी मारलं, तर तो खून त्या प्रेरणेचा संभाव्य परिणाम असल्यास पुरवणाराही खुनाच्या शिक्षेला पात्र. उलट, घर जाळायला सांगितलं आणि जाळणाऱ्याने तिथे चोरीही केली, तर ती चोरी सांगणाऱ्याच्या माथी नाही. तुमच्या प्रतीत ‘संभाव्य’ला ‘शक्य’ लिहू नका. शक्य काहीही असतं.

हेमा: गुन्हा १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरचा असला तर भारतीय न्याय संहिता लागते, तिथे ३४ नाही, ३(५). आणि १११ च्या जागी ५१. मला ‘समाईक’ अजूनही सातबाऱ्यावरचा शब्द वाटतो. ‘सामूहिक’ काय वाईट आहे?

शिरीष: सामूहिक म्हणजे जमाव आला. तीन माणसं आहेत हो.

हेमा: दोघांचंही सामूहिक गायन होतं.

मुग्धा: ‘समाईक’ ठेवते, पण ‘सामूहिक’चा विचार सुटत नाहीये. नाना, आत्ताच एक वाक्य सापडलं. कोयत्याची म्यान मोटरसायकलच्या सीटखाली मिळाली.

नाना: गाडी कोणाची?

मुग्धा: तिसऱ्याची. पण दोन दिवस आधीपासून ती पहिल्याकडे होती, असं त्याचा मेकॅनिक सांगतो.

नाना: मग तो परिच्छेद इथे टाका. मेकॅनिकला मानलंय की नाही, तेवढं बघू.