मदत हवी आहे: सोसायटीची नोटीस बोलीभाषेत कशी लिहू?

आमची ५६ फ्लॅटची सोसायटी आहे, डोंबिवलीत. मागच्या वेळी टाकी धुतली तेव्हा बोर्डवर ही नोटीस होती:

"सर्व सभासदांना याद्वारे सूचित करण्यात येते की, इमारतीवरील पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचे काम रविवार रोजी हाती घेण्यात येणार असल्याने सकाळी ९ ते दुपारी ४ या कालावधीत पाणीपुरवठा खंडित राहील. तरी सर्व सभासदांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवावा व सहकार्य करावे."

झालं काय, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी 'टाकीच्या स्वच्छतेचे काम' इथपर्यंत वाचलं आणि त्या घरी गेल्या, आणि एका काकांना 'खंडित' म्हणजे मधूनमधून येईल असं वाटलं. दोघांकडे भरलेली बादलीसुद्धा नव्हती, आजींना दुपारच्या गोळ्या घ्यायला शेजारून तांब्या आणून दिला, मला फार वाईट वाटलं. आता पुढची नोटीस माझ्याकडे आलीये. मी लिहिलं: "मंडळी, रविवारी आपण टाकी धुतोय, नऊ ते चार पाणी नाही, भरून ठेवा." सेक्रेटरी म्हणतात ही व्हॉट्सॲपची भाषा झाली, ज्येष्ठांना आज्ञा केल्यासारखं वाटेल. मान पण राहील आणि कळेल पण, असं कसं लिहू?

ओसरी: नोटीस ही शुद्ध मराठीतच हवी. 'ठेवा'च्या जागी 'ठेवावे' घाला, लगेच आदर येतो. आणि बोर्डवर 'असं, केलं' असले अनुस्वार नकोत, ते अशुद्ध आहे.

पागोळी: आमच्याकडे मेंटेनन्सच्या थकबाकीची नोटीस लावली तर चार घरं बोलायची बंद झाली हो, त्याला काय करायचं ते पण सांगा कुणीतरी.

निवृत्त मुद्रितशोधक: ओसरी, अनुस्वाराचं अर्धं बरोबर आहे तुमचं. शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे पात्राच्या तोंडचं बोलणं लिहिताना 'असं केलं' चालतं, एरवी 'असे केले'. पण 'ठेवावे'त जास्त आदर आहे हे पटत नाही. 'ठेवा' हे आदरार्थीच रूप आहे, आपण सासऱ्यांनाही 'बसा'च म्हणतो की. 'ठेवावे' म्हटलं की कुणीतरी वरून हुकूम काढल्यासारखं होतं.

ताई, तुमच्या मसुद्यात खरी अडचण 'आपण' या शब्दाची आहे. जुन्या नोटिशींमध्ये 'आपण' म्हणजे 'तुम्ही', बोलताना 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. 'आपण टाकी धुतोय' वाचून कुणीतरी विचारणार, आम्ही पण गच्चीवर यायचं का? 'आम्ही' लिहिलंत तर कमिटी वेगळी आणि रहिवासी वेगळे असं वाटतं. म्हणून कर्ताच बदला, जो खरा धुणार आहे तो लिहा. आणि जुन्या नोटिशीत कामाची गोष्ट, म्हणजे पाणी भरा, शेवटच्या वाक्यात होती, आजी तिथपर्यंत पोचल्याच नाहीत. ती वर आणा. 'रविवार रोजी' पण चूक, 'रोजी' तारखेला लागतं, वाराला नाही. मी असं लिहीन:

"रविवार, १४ तारखेला सकाळी ९ ते दुपारी ४ नळाला पाणी येणार नाही.
शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.
गच्चीवरची टाकी धुवायला माणसे येणार आहेत.
चारनंतर पहिली बादली गढूळ आली तर ते पाणी पिऊ नका, फरशी पुसायला वापरा.
ज्यांना पाणी भरायला मदत लागेल त्यांनी वॉचमनला सांगा."

कोपरा: मराठी न येणाऱ्यांसाठी हिंदीत पण लावायचीये का? आमच्याकडे दोन कागद लावतात.

धागाकर्ती: नाही हो, हिंदीचा कागद वेगळा लागतोच, माझा प्रश्न मराठीचाच आहे. काका, 'पाणी येणार नाही' पहिल्याच ओळीत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

हिशेबतपासनीस: एक सांगून ठेवतो, ही भाषा सभेच्या नोटिशीला लावू नका. वार्षिक सर्वसाधारण सभेला पूर्ण १४ दिवस आधी सूचना द्यावी लागते, तिच्यात विषयपत्रिका, गणसंख्या हे शब्द आहेत तसेच ठेवा, उद्या वाद झाला तर तोच कागद दाखवतात. हवं तर शेजारी साध्या भाषेत दोन ओळी चिकटवा, "रविवारी १० वाजता मीटिंग, हिशेब मंजूर करायचे आहेत, नक्की या."

ओसरी: 'सांगा' खटकतं मला अजून. 'ज्यांना' ने सुरू केलं की 'त्यांनी सांगावे' हवं.

निवृत्त मुद्रितशोधक: तिथे तुमचं बरोबर आहे. 'मदत लागली तर वॉचमनला सांगा' करू.

धागाकर्ती: केलं. प्रिंट काढण्याआधी आजींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, 'म्हणजे शनिवारीच भरायचं ना?' एवढंच हवं होतं मला. फक्त सेक्रेटरी 'माणसे'चं 'माणसं' करा म्हणतायत, म्हणे बोलतो तसं लिहायचं तर पूर्णच लिहा. काका, काय करू?