बाथरूमच्या दाराचा फोटो मागवा, टेप लावून

> आईला व्हीलचेअर लागते. महाबळेश्वरला हॉटेल बुक करताना फोनवर नेमकं काय विचारू?

"व्हीलचेअर चालते का?" असं विचारू नका, उत्तर हमखास "हो" येतं. आधी आईंची खुर्ची चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत मोजा. साधी घडीची खुर्ची साधारण ६५ सेंमी भरते.

खोलीचं दार बहुतेक वेळा पुरतं, अडतं ते बाथरूमचं. "अडीच फुटी दार" म्हणजे साधारण ७६ सेंमी, पण हे माप अनेकदा चौकटीसकट असतं. दोन्ही बाजूंची चौकट आणि उघड्या दाराची जाडी वजा केली की जेमतेम ६२ उरतात आणि खुर्ची उंबऱ्यावरच अडकते. म्हणून दार पूर्ण उघडून, मधल्या मोकळ्या जागेवर टेप धरलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. ७५ मोकळे मिळाले तर हात न खरचटता जाता येतं. त्याच फोटोत उंबरा आणि कमोडशेजारचा दांडा दिसू द्या. टॉवेलचा दांडा आधाराचा नव्हे, तो भार पडला की उखडतो.

पलंगाची उंची गादीसकट विचारा. खुर्चीची बैठक साधारण ५० सेंमी असते, जाड गादीचा पलंग ६५ पर्यंत जातो आणि तेवढं वर सरकणं जमत नाही. गादी बदलून मिळू शकते, आधी सांगितलं तर.

लिफ्ट आहे म्हणाले, तर तिच्यापर्यंत किती पायऱ्या तेही विचारा. डोंगरउतारावरच्या हॉटेलात रिसेप्शन आणि खोल्या वेगळ्या पातळ्यांवर असू शकतात.