मदत हवी आहे: "किती वर्षांत कुजतं?" हा प्रश्न स्पर्धेत विचारावा का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सहावी ते आठवीच्या मुलांची आंतरशालेय प्रश्नमंजूषा आहे, विषय कचरा. सहा संघ, वीस प्रश्न आणि शेवटी एक प्रात्यक्षिकाची फेरी. प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

गेल्या वर्षी अशाच एका स्पर्धेत मी गुण लिहायला बसले होते. "प्लास्टिकची बाटली कुजायला किती वर्षं लागतात?" असा प्रश्न आला. एक संघ म्हणाला ४५०, दुसरा म्हणाला १०००. परीक्षकांच्या कागदावर ४५० होतं. दुसऱ्या संघाच्या बाईंनी त्यांच्या शाळेतला तक्ता फोटोसकट दाखवला, त्यावर १००० छापलेलं. अर्धा तास वाद झाला आणि मुलं रडवेली झाली. मला ते परत नकोय.

माझ्या कच्च्या यादीतले शंकास्पद प्रश्न असे:

१. प्लास्टिकची बाटली किती वर्षांत कुजते? (४५०)
२. केळ्याची साल? (३ ते ४ आठवडे)
३. काच? (१० लाख वर्षं)
४. वस्तूवर तीन बाणांचा त्रिकोण असेल तर त्याचा अर्थ काय? (तिचा पुनर्वापर होतो)
५. त्रिकोणातल्या १ चा अर्थ काय?
६. घरच्या कचऱ्याचे मुख्य प्रकार किती? (तीन)

यातलं काय ठेवू, काय काढू?

गच्चीतली_बाग

केळ्याच्या सालीचं मी सांगू शकते. माझ्या गच्चीतल्या ड्रममध्ये एप्रिल-मेमध्ये बारीक चिरून टाकली तर तीन आठवड्यांत दिसेनाशी होते. अख्खी टाकली तर देठ महिनाभर तसाच. संत्र्याची साल मात्र दोन महिने झाले तरी ओळखू येते.

विषय निघालाच आहे तर, ड्रममध्ये पांढऱ्या अळ्या झाल्यात आणि वास येतोय. घरचे ड्रम खाली न्या म्हणतायत. काय करू?

सरळ_हिशोब

ताई, ४५० बरोबरच आहे, सगळ्या तक्त्यांवर तेच असतं. १००० पिशवीचं असतं, त्या बाईंची गल्लत झाली असणार.

त्रिकोणातला आकडा म्हणजे प्लास्टिकची प्रत. १ सगळ्यात चांगलं, सहज रिसायकल होणारं, मग उतरत उतरत ७ म्हणजे टाकाऊ. १ म्हणजे पेट, पाण्याची बाटली. भंगारवाला म्हणूनच बाटल्या आधी उचलतो.

दाणा_मशीन

सरळ_हिशोब, भंगारवाल्याचं तुमचं म्हणणं बरोबर, पण कारण वेगळं आहे. भोसरीत चौदा वर्षं जुन्या प्लास्टिकचा दाणा काढण्याच्या धंद्यात काढली म्हणून सांगतो. आकडा प्रत सांगत नाही, फक्त जात सांगतो. १ पेट, २ एचडी, ३ पीव्हीसी, ४ एलडी, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. उतरता क्रम वगैरे काही नाही. ५ नंबरचे डबे आणि झाकणं ३ नंबरपेक्षा कितीतरी सहज विकली जातात. दुधाची पिशवी ४ च्या घराण्यातली, आणि धुऊन दिली तर तिलाही भाव आहे.

हे आकडे अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये आणले. कचरा निवडणाऱ्याला जात पटकन कळावी, एवढाच हेतू. पण आकड्याभोवती बाण काढले आणि घोळ झाला: लोकांना वाटलं, बाण म्हणजे ही वस्तू रिसायकल होणारच. शेवटी २०१३ मध्ये तिथल्या मानकात बाण काढून साधा भरीव त्रिकोण केला. आपल्याकडे जुने साचे चालूच असल्यामुळे बाणांचा त्रिकोण अजून सगळीकडे दिसतो. म्हणजे तुमच्या प्रश्न ४ चं उत्तर चुकीचं आहे. उलट हाच प्रश्न असा फिरवा: "डब्याखाली बाणांच्या त्रिकोणात ५ आहे. यावरून नक्की काय कळतं?" पर्यायांत "तो पाच वेळा वापरता येतो" हेही घाला. निम्मी मुलं त्यावर बोट ठेवतील, बघा.

जात का महत्त्वाची, तेही सांगतो. पेट साधारण २५०-२६० अंशाला वितळतं. त्यात पीव्हीसीचं एखादं लेबल राहिलं तर ते त्याआधीच करपतं आणि मालात काळे ठिपके येतात. पोतंभर मालात मूठभर गेलं तरी गिऱ्हाईक परत पाठवतं.

खडूफळा

दाणा_मशीन दादा, हे फार कामाचं आहे. मग नुसते तीन बाण, आत आकडा नाही, ती खूण कुठली?

दाणा_मशीन

ती मूळ खूण, आणि ती प्लास्टिकची नव्हेच. १९७० मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने स्पर्धा ठेवली होती. गॅरी अँडरसन नावाचा २३ वर्षांचा विद्यार्थी ती जिंकला. खुणेवर कुणाची मालकी नाही, म्हणून कोणीही छापतो. मध्ये टक्के लिहिले असतील तर तेवढा माल जुन्यापासून बनवलाय. खाली काट मारलेली चाकांची कचरापेटी दिसली तर ते उपकरण घंटागाडीत टाकायचं नाही, ई-कचऱ्यात द्यायचं. चार्जरच्या मागे मुलांना शोधायला लावा.

एक हिरवी खूणही असते, दोन बाण एकमेकांत गुंतलेले. आयात चॉकलेटच्या डब्यांवर सापडते. लोक तिलाही रिसायकल समजतात. ती जर्मनीतून आली, आणि तिचा अर्थ एवढाच की कंपनीने वेष्टनाच्या विल्हेवाटीसाठी वर्गणी भरली आहे.

निवृत्त_मास्तर

कुजण्याच्या आकड्यांबद्दल बोलतो. ४५० की १००० हा वाद सुटणार नाही, कारण दोन्ही आकडे कोणी पाहिलेले नाहीत. पेटच्या बाटलीचं पेटंट १९७३ चं. आज सगळ्यात जुनी बाटलीही साठीला आलेली नाही. मग ४५० आलं कुठून? एका तक्त्यावरून दुसऱ्यावर उतरत आलं. अमेरिकेतल्या वुड्स होल या सागरी संशोधन संस्थेतल्या दोघा शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये अशा तक्त्यांवर लेख लिहिला. एकाच वस्तूचे आकडे तक्त्यागणिक बदलतात आणि बहुतेकांमागे मोजमापच नाही, असं त्यांनी दाखवलं.

दुसरी गोष्ट, कुजणं आणि तुकडे होणं वेगळं. पत्र्यावर पडलेली बाटली उन्हाने ठिसूळ होऊन काही वर्षांत तडकेल. तीच समुद्रतळाशी ऊन लागत नाही म्हणून तशीच राहील. आणि तडकलेले तुकडे म्हणजे प्लास्टिकच. मुलांच्या उत्तरात "नाहीशी होते" आलं की थांबवा.

वर्तमानपत्राचं घ्या. तक्त्यावर ते सहा आठवड्यांत कुजतं. ॲरिझोना विद्यापीठातले विल्यम राथजे यांनी १९७३ पासून कचऱ्याचा पुरातत्त्वाच्या पद्धतीने अभ्यास केला, आणि पुढे कचरा डेपोही खणले. आतून कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली. दाबून भरलेल्या ढिगात हवा नाही, ओल कमी, मग कुजणार कसं?

म्हणून वर्षं विचारूच नका, क्रम विचारा, आणि परिस्थिती सांगून. उदाहरणार्थ: "ओल्या मातीत, हवा लागेल अशा ठिकाणी पुरलं तर आधी काय कुजेल? केळ्याची साल, सुती फडकं, काचेची बाटली." इथे अंतर इतकं आहे की वाद होणार नाही. ॲल्युमिनियमचा डबा आणि प्लास्टिकची बाटली मात्र एका प्रश्नात घालू नका, तिथे पुन्हा तक्ते निघतील. काचेचे १० लाखही काढून टाका. "कुजत नाही, पण वितळवून पुन्हा काच होते" एवढं पुरे.

सरळ_हिशोब

सर, मग परीक्षेत ४५० लिहिलं तर गुण कापणार का? माझ्या मुलाच्या गाईडमध्ये तेच आहे.

निवृत्त_मास्तर

परीक्षेत लिहू द्या, गाईडशी भांडून फायदा नाही. ताईंच्या स्पर्धेत प्रश्नच नसेल तर कापायचा प्रश्न येत नाही.

घंटागाडी_फॅन

प्रश्न ६ बघा. तीन हे २०१६ च्या नियमांतलं: ओला, सुका आणि घरगुती घातक. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत चार आहेत. सॅनिटरी कचरा वेगळा झाला, आणि चौथ्या गटात बल्ब, बॅटरी, रंगाचे डबे, जुनी औषधं. जुन्या पुस्तकातून तयारी करणारा संघ तीनच म्हणेल.

खडूफळा

अरे देवा! आमच्या भिंतीवर तर दोनच आहेत, हिरवा डबा आणि निळा डबा. मग संख्या विचारतच नाही. "वापरलेला डायपर, पेन्सिल सेल, चहाचा कागदी कप आणि भाजीची देठं कुठे जातील?" असं करते. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून तो ओल्यात नाही, बरोबर ना? नारळाची करवंटी पण घालणार होते.

घंटागाडी_फॅन

कप सुक्यात, आधी विसळून. करवंटी ओल्यातच, झाडाचीच आहे ना.

गच्चीतली_बाग

करवंटी माझ्या ड्रममध्ये दोन वर्षं आहे, तशीच! आमचा घंटागाडीवाला ओल्यात घेत नाही, वेगळी द्या म्हणतो. माझ्या बहिणीच्या गावात ओल्यातच घेतात.

दाणा_मशीन

करवंटीवर परीक्षकच भांडतील. सोडा ती.

गच्चीतली ताई, पांढऱ्या अळ्या म्हणजे ओल जास्त आणि अन्न उघडं. वर सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्यांचा भुसा चांगला चार बोटं पसरा, आणि आठवडाभर शिजवलेलं अन्न टाकू नका. वास आधी जाईल, अळ्या नंतर.

खडूफळा ताई, प्रात्यक्षिकाला पाण्याची चाचणी ठेवा. बाटलीचा तुकडा, तिच्या झाकणाचा तुकडा आणि जुन्या सीडीच्या पारदर्शक डबीचा तुकडा घ्या. साध्या पाण्यात झाकण तरंगतं, बाकी दोन्ही बुडतात. मग लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवा. सीडीची डबी वर येईल, बाटली तळाशीच राहील. आमच्याकडे झाकणं आणि बाटल्या अशाच पाण्याच्या टाकीत वेगळ्या करतात. विचारायचं असं: "झाकण न काढता बाटली कापून टाकीत टाकली तर काय होईल?"

खडूफळा

आत्ताच स्वयंपाकघरात करून पाहिलं. बाटलीचा तुकडा तरंगला! झाकण, बाटली, सगळंच वर. काय चुकलं?

दाणा_मशीन

तुकडा वाकडा असणार, पोटात हवेचा बुडबुडा अडकलाय. सपाट भागातून नखाएवढा कापा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि चिमट्याने खाली दाबून सोडा. थर्माकोल मात्र घेऊ नका. तोही सीडीच्या डबीसारखा ६ नंबरच, पण आत हवाच हवा, काहीही केलं तरी वरच राहणार.

खडूफळा

बुडला! झाकण वर, बाटली खाली. मीठ विरघळायला वेळ लागतोय, सासूबाई विचारतायत पाव किलो मीठ कुठे गेलं.