मदत हवी आहे : पेल्मेट किती खोल ठेवू? सुतार सोमवारी येतोय

पाथर्डीकर
हॉलच्या खिडकीवर रॉड झाकायला पेल्मेट बॉक्स करायचाय, आत लाईटची पट्टी पण हवीये. सुतार म्हणतो ४ इंच खोल बास. बरोबर आहे का? लवकर सांगा प्लीज.

गोदाकाठ
रॉड एक का दोन? पडदा रिंगांचा का चुण्यांचा? खिडकी केवढी, भिंत कसली? काहीच सांगितलं नाहीये.

सिडकोवाली
आमच्याकडे ४ इंचच आहे, सहा वर्षं झाली, काही त्रास नाही.

गोदाकाठ
ताई, तुमचा पडदा रिंगांचा आहे का?

सिडकोवाली
नाही, ट्रॅक आहे, चुण्या शिवून घेतल्यात.

गोदाकाठ
मग म्हणूनच.

पाथर्डीकर
सॉरी. एकच रॉड, रिंगांचा पडदा, आधीच लावलेला आहे. खिडकी ५ फूट, बॉक्स साडेसहा फूट करतोय. भिंत ड्रिल केली की पांढरी भुकटी पडते.

गोदाकाठ
पांढरी म्हणजे एएसी ब्लॉक, पण ते नंतर बघू. आधी पडदा उघडबंद करा आणि घडीचं पुढचं टोक भिंतीपासून किती येतं ते टेपने मोजा. रॉड भिंतीपासून ३ इंचावर असेल तर घडी अजून अडीच इंच पुढे येते, म्हणजे साडेपाच झाले. ४ इंचाच्या बॉक्समध्ये कापड पुढच्या फळीला घासणार आणि रोज ओढताना अडकणार. लाईटची जागा धरून आतून ७ इंच ठेवा.

ओझरचा_इलेक्ट्रिशियन
पट्टी पुढच्या फळीच्या खालच्या कडेला लावा, उजेड जास्त मिळतो.

गोदाकाठ
उजेड जास्त आणि सोफ्यावर बसलं की ठिपके थेट डोळ्यांत! वरच्या फळीखाली, पुढच्या कोपऱ्यात, दुधी झाकणाच्या पट्टीत बसवा म्हणजे उजेड पडद्यावरून खाली उतरतो. अडॅप्टर मात्र हात पोचेल असा एका टोकाला ठेवा, बंद पोकळीत कोंबलात तर तापून लवकर जातो.

सराफवाडा
पेल्मेट म्हणजे धूळ. रोमन ब्लाइंड लावा ना, आमच्या बेडरूमला लावलेत, धुवायला पण सोपे.

पाथर्डीकर
पडदे आधीच शिवलेत हो. फिक्सिंगचं सांगा ना.

गोदाकाठ
खिडकीच्या वर काँक्रीटचं लिंटेल असतं, साधारण खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा इंच पुढे जातं. तिथे ड्रिल जड चालतं आणि राखाडी भुकटी पडते. बॉक्सचे एल अँगल त्या भागातच घ्या आणि रॉडचे ब्रॅकेट प्लायला नको, लिंटेललाच, नाहीतर पडदा ओढला की फळी हलते. तुमच्या बॉक्सची टोकं मात्र लिंटेलच्या बाहेर, ब्लॉकवर येतील, तिथे साधी गिट्टी गोल फिरते, ब्लॉकसाठीची लांब गिट्टी मागा.

ओझरचा_इलेक्ट्रिशियन
ब्लॉकमध्ये पण साधी गिट्टी धरते, मी लावलीये.

गोदाकाठ
फोटोफ्रेमला धरेल हो. रोज ओढाताण होते तिथे नाही.

पाथर्डीकर
आत्ता मोजलं, पावणेसहा आलं!! सुतार म्हणतो ७ इंच केलं तर प्लाय जास्त लागेल, पैसे वाढतील. १२ एमएम चालेल का मग?

सिडकोवाली
तुमच्या सुताराचा नंबर मिळेल का? आमचा फोनच उचलत नाही.