मदत हवी आहे: लग्नाच्या फोटोग्राफीचं इन्स्टा पेज, कधी काय टाकू?

कराडचा_क्लिकवाला
नमस्कार मंडळी. कराडला लग्नाचे फोटो काढतो, आधी एका सीनिअरकडे सेकंड शूटर होतो, आता स्वतःच्या ऑर्डरी घेतोय. कामं येतात ती सगळी ओळखीतली, आता जरा ओळखीबाहेरची यावीत असं वाटतंय. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी इन्स्टावर वीसेक फोटो एकदम टाकतो, बहुतेक कपल शॉटच, लाइक पडतात पण ते नवरा-नवरीच्या मित्रांचे. मग जून लागला की पेज झोपतं ते थेट दिवाळीनंतर उठतं, कारण टाकायला नवीन काही नसतंच. मेसेज येतो तो "रेट काय" एवढाच, आणि रेट सांगितला की माणूस गायब. मागच्या सीझनची आठ-दहा लग्नं हार्डडिस्कवर तशीच पडून आहेत. रोज टाकायचं का, रील की फोटो, कोणीतरी नीट प्लॅन सांगा. जाहिरातीला सध्या पैसे नाहीत.

बंट्या_रील्स
भावा सोप्पंय, रोज एक रील, ट्रेंडिंग गाणं, खाली भरपूर हॅशटॅग, संध्याकाळी सातला टाकायची. फोटो आता कोण बघतंय. माझ्या मित्राची एक रील दोन लाखांवर गेली.

कराडचा_क्लिकवाला
मग त्याला बुकिंग किती आली?

बंट्या_रील्स
त्याचा वडापावचा गाडा आहे रे, पण गर्दी वाढली ना.

नाशिकची_तिसरी_लेन्स
रील हवी हे बंट्याचं बरोबर आहे, अनोळखी लोकांपर्यंत तीच पोचते. पण दोन लाख लोक देशभरातले असून तुला काय उपयोग, तुला कराड-साताऱ्यातली ती पन्नास घरं हवीत ज्यांच्याकडे यंदा लग्न ठरलंय. हॅशटॅगच्या ढिगाऱ्याने ती सापडत नाहीत, त्यापेक्षा कार्यालयाचं लोकेशन टाक आणि कॅप्शनमध्ये गावाचं नाव साध्या मराठीत लिही.

आता मुख्य गोष्ट. तू शूटिंगच्या हिशोबाने पोस्ट करतोयस आणि लोक बुकिंगच्या हिशोबाने बघतायत. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त धरले तर कार्यालय आधीच बुक झालेलं असतं, तारीख पक्की झाली की पुढचा शोध फोटोग्राफरचा. म्हणजे घरात ही चर्चा चालते ती चातुर्मासात, गणपतीत पाहुणे जमले की "अगं तुमचा फोटोवाला कोण होता" तिथून. आणि नेमकं तेव्हाच तुझं पेज बंद! २०२६ मध्ये तर ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून मुहूर्त नाहीत, तेवढ्यात बसून मागची लग्नं निवडून ठेव.

एक लग्न एकदम ओतू नकोस, तोडून टाक. समज तुझ्याकडे कराडचं एक दोन दिवसांचं लग्न आहे. लग्नानंतर लगेच फक्त एकच फोटो, अंतरपाट खाली आल्या क्षणाचा, तोही नवरीला आवडलेला, म्हणजे ती स्वतः शेअर करते. पुढच्या आठवड्यात एकच विधी आठ-दहा फोटोंत क्रमाने, उदाहरणार्थ कानपिळी: नवरीचा भाऊ उठतो, कान धरतो, नवरदेवाचं तोंड, मागे हसणाऱ्या आत्या, मग भावाला मिळालेला आहेर. कपल शॉट सगळ्यांकडे सारखेच दिसतात, पण हे नऊ फोटो बघून मुलीच्या आईला कळतं की हा माणूस विधी ओळखतो आणि योग्य जागी उभा असतो. त्यानंतर रील, पण तिला ट्रेंडिंग गाणं नको, मंगलाष्टकं आणि सनईचा तिथलाच रेकॉर्ड केलेला आवाज लाव. बिझनेस अकाउंटला बरीच फिल्मी गाणी मिळतच नाहीत आणि हक्कांवरून आवाज बंद झाला की रील मुकी होते. शेवटी छापलेल्या अल्बमची पानं उलटतानाचा व्हिडिओ, वरून धरलेला, बोटं दिसतील असा. अल्बमवर पैसे वडील खर्च करतात आणि त्यांना हाच व्हिडिओ पटतो.

असं एका लग्नाचं चार-पाच आठवड्यांचं सामान होतं. आठ लग्नं आहेत ना? आठवड्याला दोन पोस्ट धरल्या तर साधारण जून ते सप्टेंबर निघतं. रोजच्या नादी लागू नकोस, एडिटिंग आणि डिलिव्हरी मागे पडली तर तोंडी शिफारस जाईल, ती पेजपेक्षा महाग आहे.

सुमतीमावशी
आमच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम फोटोवाल्याने अजून दिला नाही, पूर्ण पैसे घेतलेत. फोन उचलत नाही. तुमच्याकडून काही होईल का?

कराडचा_क्लिकवाला
मावशी, मी तो नाही हो. पण त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पैशाची पावती जपून ठेवा आणि आधी लेखी मागणी करा, तारीख घालून.

साताऱ्याची_सून
मी गेल्याच हिवाळ्यात लग्न केलं म्हणून सांगते, आम्ही पेजं बघताना काय बघितलं. तळ्याच्या काठावरचे प्री-वेडिंग फोटो बघून मी पेज बंदच करायचे, कारण आमचं लग्न त्याच कार्यालयात होणार जिथे छताला ट्यूबलाइट आणि स्टेजला जांभळे एलईडी. मला बघायचं होतं की त्या उजेडात शालूचा रंग कसा येतो आणि चेहरे जांभळे होतात का. एका फोटोवाल्याने संपूर्ण लग्न हायलाइटमध्ये ठेवलं होतं, आज्जीला धरून आणतात तेही, पंगतही. त्यालाच फोन केला. आणि हो, सावळी नवरी दाखवा प्लीज, सगळ्यांना एकाच पिठासारखं गोरं करून टाकलेलं असतं.

नाशिकची_तिसरी_लेन्स
सोन्यासारखा मुद्दा. वर पिन करायच्या तीन पोस्टमध्ये एक अशा वाईट उजेडातल्या कार्यालयाची ठेव, त्या कार्यालयाचं नाव कॅप्शनमध्ये, कारण तिथे तारीख घेतलेले लोक ते नाव शोधतात. मेकअपवाली, मेंदीवाली, डेकोरेटर यांना कोलॅब पाठव, नुसतं टॅग नको, कोलॅब स्वीकारलं की पोस्ट त्यांच्याही पेजवर दिसते. नवरी मेकअप बुक करताना तुझं काम बघते, हे फुकटचं आहे.

आणि परवानगी लेखी घे, बुकिंगच्या कागदातच एक ओळ: कोणते फोटो टाकू, कोणते नाही, लहान मुलांचे चालतील का. काही घरांत सासरकडचे नंतर हरकत घेतात.

कराडचा_क्लिकवाला
भारी, आभार. कानपिळीचे फोटो तर आहेतच, मी ते कायम फालतू समजून बाजूला काढायचो. चाललंय की नाही हे कशावरून ओळखायचं? लाइक सोडून.

नाशिकची_तिसरी_लेन्स
सेव्ह आणि शेअर बघ, लग्नघरात पोस्ट बहिणीला पाठवली जाते, लाइक कोणी करत नाही. आणि प्रत्येक फोनला "कुठे बघितलंत" विचारून वहीत लिही. दिवाळीपर्यंत पोस्टचं नाव घेऊन एकही फोन आला नाही तर पोस्ट बदल.

बंट्या_रील्स
बरं पण रेट पेजवर टाकायचा की नाही ते सांगा. मी म्हणतो टाक, निम्मे रिकामे मेसेज कमी होतील.

नाशिकची_तिसरी_लेन्स
मी टाकत नाही, दोन दिवसांचं लग्न आणि एका दिवसाचं वेगळं पडतं, ड्रोन, अल्बमची पानं, सगळंच.

साताऱ्याची_सून
मला तर "पासून" लिहिलेलं आवडलं होतं, निदान आपल्या बजेटात बसतो का ते कळतं. ज्यांनी लिहिलं नव्हतं त्यातल्या दोघांना मी विचारलंच नाही.

नाशिकची_तिसरी_लेन्स
हे ऐकून विचार करावा लागेल खरं. पण "पासून" लिहिलं की लोक तोच आकडा धरून बसतात ना, त्याचं काय करायचं?

कराडचा_क्लिकवाला
मी गणपतीपर्यंत लिहून बघतो, इथेच सांगतो काय झालं ते.